रायबोस्विच: जीवनसत्त्व ओळखणारा आरएनए

रायबोस्विच म्हणजे जीवाणूंच्या संदेशक आरएनएचा असा तुकडा, जो पेशीतल्या एखाद्या लहान रेणूला स्वतः पकडतो, त्यानुसार आपली घडी बदलतो आणि पुढचे जनुक वाचले जाणार की नाही हे ठरवतो. या कामात मध्यस्थ प्रथिन नसते. हा तुकडा बहुतेक वेळा संदेशाच्या आरंभी असतो. त्यापासून प्रथिन तयार होत नाही, म्हणून संशोधक बराच काळ त्याला जनुकापुढची मोकळी जागा समजत होते. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग रेणू ओळखतो, त्याला ॲप्टामर म्हणतात. दुसरा भाग पहिल्याच्या घडीप्रमाणे स्वतःची घडी बदलून जनुक चालू ठेवतो किंवा बंद करतो. दोन्ही भागांत काही बेस सामायिक असतात. ते एका वेळी एकाच घडीत बसू शकतात आणि सगळे नियंत्रण या ओढाताणीवर चालते.

आजवर रायबोस्विचचे, म्हणजे आरएनएच्या अशा कळींचे, पन्नासहून अधिक वर्ग सापडले आहेत. त्या थायमिन, बी-12, लायसीन, अडेनिन, ग्वानिन, मॅग्नेशियम, फ्लोराइड अशा निरनिराळ्या गोष्टी ओळखतात. प्रत्येक वर्गाची घडी वेगळी असली, तरी कामाची रीत समजायला एक उदाहरण नीट पाहिलेले पुरते. बी-2 म्हणजे रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाशी जोडलेली कळ त्यासाठी सर्वांत सोयीची आहे. तिचा शोध, रचना, वेळेचे गणित आणि औषध म्हणून तिचा उपयोग या चारही बाबी बारकाईने तपासल्या गेल्या आहेत.

न सापडलेले प्रथिन

बॅसिलस सब्टिलिस हा मातीतला जीवाणू बी-2 स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारी जनुके एकाच रांगेत असून ती एकत्र वाचली जातात. पेशीत बी-2 पुरेसे असले की ही रांग बंद होते. अशा ठिकाणी एखादे दमनकारी प्रथिन डीएनएवर बसत असावे, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. बी-2चे औद्योगिक उत्पादन वाढवण्यासाठी या जीवाणूवर काम करणाऱ्या रशियन संशोधकांनी बी-2 बेसुमार बनवणारी उत्परिवर्ती वाणे मिळवली. दमनकारी प्रथिनाचे जनुक बिघडलेले वाणही त्यांत सापडायला हवे होते.

प्रत्यक्षात बिघाड दोनच ठिकाणी आढळले. पहिले ठिकाण रांगेच्या आरंभीचा, प्रथिन न बनवणारा भाग होता. दुसरे ठिकाण होते रिब-सी हे जनुक. दमनकारी प्रथिन बहुधा हेच, असा अंदाज काही काळ होता, पण रिब-सी एका साध्या विकराचे जनुक निघाले. हे विकर रायबोफ्लेविनवर फॉस्फेट जोडून फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड, म्हणजे एफएमएन, बनवते. विकर दुबळे झाले की पेशीत रायबोफ्लेविन साठते आणि एफएमएन कमी पडतो. रायबोफ्लेविनचा एवढा साठा असूनही जनुके बंद होत नव्हती. म्हणजे रांग बंद करण्याची खूण रायबोफ्लेविन नसून एफएमएन होती. ती खूण कोण वाचते, हा प्रश्न मात्र उरला.

1999 मध्ये मिखाईल गेल्फांड, डॅनियल पेरुमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जीवाणूंमधले बी-2 जनुकांपुढचे भाग शेजारी ठेवून पाहिले. एरवी बरेच दूरचे असलेले हे जीवाणू या एका जागी मात्र सारखीच घडी पडेल असा आरएनए राखून होते. घडीच्या दांड्यांत एका बाजूचा बेस बदलला असेल, तर समोरचाही बदलून जोडी टिकलेली दिसत होती. असा जोडीचा बदल दिसणे म्हणजे उत्क्रांतीने बेसचा क्रम नव्हे तर आकार जपल्याची साक्ष.

चाळीस तासांची चाचणी

एफएमएनची खूण कोण वाचते, याचा निकाल 2002 मध्ये दोन प्रयोगशाळांतून लागला. येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने आणि न्यूयॉर्क विद्यापीठात एव्हगेनी न्यूडलर यांच्या गटाने, एफएमएन थेट आरएनएला चिकटतो हे दाखवून दिले.

ब्रेकर यांच्या गटाची चाचणी साधी होती. आरएनए फार टिकाऊ नसतो. त्याच्या साखरेवरचा एक हायड्रॉक्सिल गट शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडू शकतो, मात्र त्यासाठी अणू एका रेषेत यावे लागतात. साखळी जिथे सैल हलते तिथे असे वारंवार घडते. जिथे ती घट्ट घडीत बसलेली असते तिथे ते क्वचितच घडते. म्हणून आरएनएचा तुकडा नुसता ठेवून दिला आणि तो कुठे कुठे तुटला हे पाहिले, तर त्याच्या सैल जागांचा नकाशा मिळतो.

या प्रयोगात कळीचा 165 बेसांचा तुकडा घेऊन त्याच्या टोकाला किरणोत्सारी फॉस्फरस लावला होता. मॅग्नेशियम असलेल्या, किंचित अल्कधर्मी द्रावणात तो 25 अंश सेल्सिअसला सुमारे 40 तास ठेवला गेला. एका नळीत एफएमएन नव्हता आणि इतर नळ्यांत त्याचे प्रमाण वाढवत नेले होते. नंतर तुकडे जेलमध्ये लांबीनुसार वेगळे केले. एफएमएन वाढला तसे काही पट्टे फिके पडत गेले, म्हणजे साखळीच्या त्या जागा आता घट्ट झाल्या होत्या. पट्टे निम्मे फिके होण्यासाठी सुमारे 5 नॅनोमोलर एफएमएन पुरत होता. फॉस्फेट नसलेले रायबोफ्लेविन वापरले, तर तोच परिणाम मिळवायला सुमारे हजारपट जास्त प्रमाण लागत होते. रिब-सीच्या वाणांनी जे सुचवले होते, त्याला या आकड्यांनी दुजोरा दिला.

नळीत आरएनए, क्षार आणि एफएमएन याशिवाय काहीही नव्हते, त्यामुळे एखादे प्रथिन लपून काम करत असण्याची शक्यताच उरली नाही. न्यूडलर यांच्या गटाने पुढचा टप्पाही नळीतच दाखवला. डीएनए, आरएनए पॉलिमरेज आणि एफएमएन एवढेच एकत्र केले असता पॉलिमरेज जनुकांपर्यंत पोहोचण्याआधीच थांबत होते. आणखी एक पडताळणी अशा प्रत्येक अभ्यासात केली जाते. दांड्याच्या एका बाजूचा बेस बदलून जोडी तोडायची, मग समोरचा बेस बदलून ती पुन्हा जुळवायची. पहिल्या बदलाने नियंत्रण गेले आणि दुसऱ्याने परत आले, तर काम बेसच्या अक्षराचे नसून घडीचे आहे हे सिद्ध होते. पहिल्या बदलावरच थांबलेला प्रयोग अपुरा राहतो, कारण नियंत्रण जाण्याची इतरही कारणे असू शकतात.

घडी आणि तिचे दोन पर्याय

2009 मध्ये अलेक्झांडर सेर्गानोव्ह, दिनशॉ पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युझोबॅक्टेरियम या जीवाणूतल्या याच कळीची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. सहा दांडे एका मध्यबिंदूभोवती जमून फुलपाखराच्या पंखांसारखी आकृती बनते. एफएमएन मध्यभागी असतो. त्याचे चपटे वलय आरएनएच्या बेसांच्या थरांत पत्त्यांच्या कॅटमध्ये पत्ता सरकवावा तसे शिरते. वलयाची एक कड युरॅसिलसारखी दिसते आणि एका अडेनिनशी जोडी जमवते. फॉस्फेटची शेपटी काही ग्वानिन बेस आणि मॅग्नेशियम यांच्या पकडीत येते. फॉस्फेट नसलेल्या रायबोफ्लेविनला ही शेवटची पकड मिळत नाही आणि हजारपट फरक पडतो तो इथेच.

पकड बसली की पुढे काय होते, हे बॅसिलसमध्ये असे दिसते. ॲप्टामरचा तळचा दांडा मिटायला साखळीची दोन टोके एकमेकांना भेटावी लागतात. त्यांतले नंतरचे टोक पुढच्या एका पट्ट्याशीही जोडी करू शकते. एफएमएन नसेल तर ते त्या पट्ट्याला धरते. मग तो पट्टा त्याच्यापुढच्या हेअरपिनमध्ये सापडत नाही, ती हेअरपिन बनत नाही आणि पॉलिमरेज सरळ जनुकांकडे जाते. एफएमएन असेल तर टोक ॲप्टामरमध्येच अडकून पडते. मोकळा राहिलेला पट्टा आपल्यापुढच्या भागाशी घट्ट हेअरपिन बांधतो. तिच्यामागे युरॅसिलची रांग असते. युरॅसिल आणि डीएनएतला अडेनिन यांची जोडी दुबळी असल्यामुळे पॉलिमरेज तिथे डीएनएवरून सुटते आणि संदेश जनुके सुरू होण्याआधीच संपतो.

याच जीवाणूत बाहेरून बी-2 आत ओढणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापुढेही अशीच कळ आहे, पण तिची पुढची बाजू वेगळी आहे. तिथे संदेश पूर्ण लिहिला जातो. एफएमएन बसला की रायबोसोम ज्या जागी चढतो ती जागा आरएनएच्या घडीत दडते, त्यामुळे प्रथिन बनत नाही. ओळखणारा भाग सारखाच ठेवून कृतीचा भाग बदलणे ही या सगळ्या वर्गांत दिसणारी रीत आहे. उलट दिशाही संभवते. अडेनिन ओळखणाऱ्या एका कळीत अडेनिन बसल्यावर जनुक चालू होते. अडेनिन आणि ग्वानिन यांच्या कळींत तर ओळखीच्या जागी एकच बेस बदललेला असतो. तिथे युरॅसिल असेल तर अडेनिन बसतो आणि सायटोसिन असेल तर ग्वानिन.

वेळेचे गणित

5 नॅनोमोलर हा आकडा वाचून असे वाटते की पेशीत एफएमएन तेवढा झाला की जनुके बंद होत असतील. तसे होत नाही आणि त्याचे कारण वेळ. 40 तास नळीत बसलेल्या आरएनएला जुळवून घ्यायला भरपूर सवड होती. पेशीत मात्र पॉलिमरेज साखळी विणत पुढे जात असते. हेअरपिन बनण्याच्या जागेपाशी ते पोहोचेपर्यंत निर्णय झालेला असायला हवा. जीवाणूतले पॉलिमरेज सेकंदाला सुमारे 40 ते 50 बेस जोडते. ॲप्टामर पूर्ण झाल्यापासून निर्णयाच्या जागेपर्यंत साधारण शंभर बेसांचे अंतर धरले, तर हातात दोन-अडीच सेकंद उरतात.

आता एफएमएन चिकटण्याचा वेग पाहू. एक मोलर द्रावणात सेकंदाला एक लाख वेळा, या क्रमाचा वेग धरला, तर 5 नॅनोमोलर एफएमएनमध्ये एका आरएनएला जोडीदार मिळायला सरासरी 2000 सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडे अधिक लागतील. पोषक द्रावणात बॅसिलसची एक पेशी तेवढ्या वेळात दुभागूनही जाते. दोन सेकंदांत पकड बसायची असेल, तर एफएमएन 5 मायक्रोमोलर, म्हणजे हजारपट हवा. पॉलिमरेज वाटेत दहा सेकंद रेंगाळले, तर एक मायक्रोमोलरही पुरेल.

ते खरोखरच रेंगाळते. 2005 मध्ये वेड विंकलर, ब्रेकर, डोनाल्ड क्रोदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कळीवर हे मोजले. ॲप्टामर आणि निर्णयाची जागा यांच्या दरम्यान पॉलिमरेज काही ठिकाणी थबकते आणि त्यामुळे एफएमएनला वेळ मिळतो. तरीही संदेश तोडायला लागणारे प्रमाण चिकटण्याच्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाले. नळीतली कच्च्या मालाची मात्रा बदलून पॉलिमरेजचा वेग बदलला, की हे लागणारे प्रमाणही बदलत होते.

गणिताची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. चिकटण्याचा वेग आणि 5 नॅनोमोलर यांच्यावरून सुटण्याचा वेग काढला, तर एकदा बसलेला एफएमएन सरासरी अर्धा तास सुटत नाही. म्हणजे एका आरएनएपुरते पाहिले, तर ही कळ तापमापकासारखी वरखाली होत नाही. ती एकदाच निर्णय घेते आणि तो फिरवत नाही. पेशीला हळूहळू चढता-उतरता प्रतिसाद मिळतो तो अनेक संदेशांच्या बेरजेतून. शंभरातले किती संदेश तुटले, यावर प्रथिनाचे प्रमाण ठरते. म्हणून एखादी कळ आपल्या रेणूला किती घट्ट धरते, एवढ्यावरून ती पेशीत कोणत्या प्रमाणाला चालते हे सांगता येत नाही. नळीतल्या आकड्यावर विसंबून केलेला अंदाज इथे हजारपटही चुकू शकतो.

पेशीत कळीच्या वर आणखी नियंत्रणही असू शकते. बॅसिलसमध्ये रिब-आर नावाचे प्रथिन आहे. विशिष्ट गंधकयुक्त पदार्थांवर वाढताना जीवाणूला एफएमएनची गरज वाढते, तेव्हा हे प्रथिन कळीच्या आरएनएला चिकटून तिचा ‘बंद’चा निर्णय हाणून पाडते. प्रथिनाशिवाय चालणारी यंत्रणा ही व्याख्या कळीच्या मूळ कामाला लागू पडते. पेशीत तिच्यावर प्रथिनांचा प्रभाव पडतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

कळीची फसवणूक

दह्यावर सुटणाऱ्या पाण्याला जी पिवळट हिरवी झाक असते, ती रायबोफ्लेविनची. त्याचाच जवळचा नातलग रोझिओफ्लेविन मात्र लालसर असतो. रायबोफ्लेविनच्या वलयावरच्या एका मिथिल गटाच्या जागी डायमिथिलअमिनो गट, एवढाच त्यांच्यातला फरक. फिलिपाइन्समधल्या मातीतला एक स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू तो बनवतो आणि इतर जीवाणूंना तो मारक ठरतो. हा रेणू बी-2च्या वाटेनेच पेशीत शिरतो. आतले विकर त्याच्यावर फॉस्फेट जोडते आणि तयार झालेला खोटा एफएमएन कळीत जाऊन बसतो. बी-2ची टंचाई असतानाही कळ ‘पुरेसे आहे’ असे समजून जनुके बंद करते. शिवाय तो खोटा एफएमएन बी-2 वापरणाऱ्या विकरांतही घुसतो. त्यामुळे मारक परिणामातला किती वाटा कळीचा आणि किती विकरांचा, हे प्रत्येक जीवाणूत वेगळे मोजावे लागते.

रोझिओफ्लेविन बनवणारा जीवाणू स्वतः कसा वाचतो, याचे उत्तरही कळीतच सापडले. त्याच्याकडच्या कळीत असा बदल आहे की खरा एफएमएन तिला चालतो, खोटा मात्र ती बंद करू शकत नाही. बाकी जीवाणूंतही प्रतिकार बहुधा कळीतल्या बदलानेच येतो. रोझिओफ्लेविनमध्ये वाढवलेल्या जीवाणूंतून तगलेले वाण निवडले, तर पुष्कळदा त्यांची कळ बिघडलेली निघते. बिघडलेली कळ जनुके बंदच करू शकत नाही, म्हणून असे वाण गरजेपेक्षा जास्त बी-2 बनवून बाहेर टाकते.

हाच दोष अन्नप्रक्रियेत कामी आला. दह्यात आणि चीजमध्ये असणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जीवाणूची रोझिओफ्लेविनला दाद न देणारी वाणे 2004 मध्ये मिळवली गेली. त्यांच्या जनुकांपुढच्या नियंत्रक भागात बदल झाले होते आणि ती बी-2 बाहेरून घेण्याऐवजी सोडत होती. बाहेरचे जनुक घालावे लागत नसल्याने विरजणातच जीवनसत्त्व वाढवण्याचा हा मार्ग सोपा ठरतो. उत्पादन वाढले की नाही याची पहिली खूण द्रावणाचा पिवळा रंग आणि अतिनील प्रकाशातली हिरवट चमक, तर कारण कळीतच आहे याची खात्री त्या भागाचा क्रम वाचून होते.

औषधाचे लक्ष्य म्हणून

माणसाच्या पेशींत एफएमएनची अशी कळ आढळलेली नाही, म्हणून तिला अडवणारा पदार्थ जीवाणूंवरच परिणाम करील अशी अपेक्षा असते. 2015 मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी सुमारे 57 हजार कृत्रिम संयुगे चाळली. त्यांची युक्ती अशी होती: ई. कोलायची वाढ थांबवणारे, पण बाहेरून रायबोफ्लेविन घातले की निष्प्रभ ठरणारे संयुग शोधायचे. असे एक सापडले आणि त्याला रायबोसिल हे नाव मिळाले. त्याला दाद न देणाऱ्या वाणांचे जीनोम वाचले, तेव्हा बदल कोणत्याही प्रथिनात नसून एफएमएनच्या कळीत आढळले. स्फटिकरचनेत तर एफएमएनच्याच कप्प्यात रायबोसिल बसलेला दिसला, जरी रासायनिक बांधणीत तो एफएमएनसारखा नाही. आरएनए फक्त आपल्या जन्मजात जोडीदारालाच धरतो हा समज त्याने मोडला.

मर्यादाही त्याच प्रयोगांतून दिसल्या. चाळणीसाठी वापरलेला ई. कोलाय मुद्दाम दुबळा केलेला होता. त्याचे बाह्य आवरण गळके होते आणि आलेली औषधे बाहेर ढकलणारा पंप निकामी केला होता. धडधाकट ई. कोलायमध्ये रायबोसिल पुरेसा टिकत नाही. दुसरी अडचण प्रतिकाराची. कळीतला एखादा बेस बदलला तरी औषध निरुपयोगी होऊ शकते आणि कळ कायम चालू राहिल्याने त्या जीवाणूचे जगणेही फारसे अडत नाही. प्रथिनात असा बदल झाला तर बहुधा त्याचे मूळ कामही बिघडते. इथे बिघाड म्हणजे केवळ जास्तीचे बी-2.

तिसरी अडचण रोग्याच्या शरीरातली. रक्तात आणि ऊतींत बी-2 असतेच. ज्या जीवाणूत ते आत ओढणारे जनुक या कळीच्या ताब्यात नाही, तो स्वतःचे उत्पादन बंद पडले तरी बाहेरचे घेऊन जगू शकतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये मात्र बी-2 बनवणारी रांग आणि ते आत ओढणारे जनुक, दोन्हींपुढे ही कळ आहे. एकच संयुग दोन्ही वाटा बंद करू शकते. म्हणून अशा औषधाचा विचार करताना त्या रोगजंतूच्या जीनोममध्ये एफएमएनच्या कळी किती आहेत आणि त्या कोणत्या जनुकांपुढे आहेत, हे आधी तपासले जाते. चाचणीच्या द्रावणात बी-2 किती आहे हेही नोंदले जाते. बी-2ने भरलेल्या द्रावणात प्रभावी संयुगही निकामी भासते आणि बी-2 नसलेल्या द्रावणात, शरीरात उपयोगी न पडणारे संयुगही यशस्वी वाटते.